ऑफर लेटरचे मराठी : आकडा, तारीख आणि अट

कळंब तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने मुलाच्या ऑफर लेटरचा मराठी सारांश घरात जपून ठेवला होता. गावाजवळच्या संगणक केंद्रात कुणीतरी तो करून दिलेला. त्यात चारच ओळी होत्या. वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५ हजार पगार. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. नोकरी सोडायची तर एक महिन्याची नोटीस. शिवाय ३० हजार रुपये बोनस. या चार ओळींवर त्या घराने शैक्षणिक कर्जाचा हप्ता किती भरायचा ते ठरवले आणि धाकट्या बहिणीला लातूरला क्लास लावला. मुलगा १ ऑगस्टला चाकणच्या एका कंपनीत रुजू झाला आणि पहिल्या पूर्ण महिन्याचे बँकेत २४ हजार रुपये जमा झाले.

मी धाराशिवला इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरे करून देतो. खरेदीखते, बँकांचे करारनामे, विमा कंपन्यांची पत्रे असे बहुतेक काम असते. गेल्या काही वर्षांत त्यात ऑफर लेटर वाढली आहेत. धाराशिवच्या तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयातून, शासकीय तंत्रनिकेतनातून, तुळजापूरच्या, लातूरच्या, सोलापूरच्या कॉलेजांतून मुले पुण्याच्या पट्ट्यात नोकरीला लागतात. पत्र इंग्रजीत येते आणि घरचा निर्णय मराठीत होतो. कळंबचे ते वडील पत्र घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मुलाला लागून काही महिने झाले होते. त्यांनी सरळ विचारले, “सर, ह्या कागदात पस्तीस हजार लिवलेत, मंग बँकेत चोवीसच का येतेत? कंपनी पैसे खातीय का?”

कंपनी पैसे खात नव्हती. पत्रात सगळे लिहिलेले होते; सारांशात ते आले नव्हते. त्या पत्राचे पूर्ण भाषांतर आम्ही केले आणि पुढे त्याच भाषांतरामुळे एका मोठ्या रकमेचा वाद मिटला. ते सगळे इथे उलगडून सांगतो. ज्यांच्या घरी या हंगामात असे पत्र येईल त्यांनी ते कसे वाचावे, हे त्यातून कळेल.

पस्तीस हजारांचे चोवीस हजार कसे होतात

ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर जो मोठा आकडा असतो त्याला सगळे सीटीसी म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्हाला कामावर ठेवायला कंपनीला वर्षाला इतका खर्च येईल. मराठीत तो आकडा ‘कंपनीचा एकूण वार्षिक खर्च’ असाच उतरवावा. ‘पगार’ हा शब्द तिथे लिहिला, की घरातले सगळे त्याला बाराने भागतात. पगाराची फोड पत्राच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात असते आणि भाषांतर तिथूनच सुरू करावे. या पत्रातल्या परिशिष्टाचे मराठी असे झाले :

- मूळ वेतन : दरमहा १५,००० रुपये (वर्षाला १,८०,०००)
- घरभाडे भत्ता : दरमहा ६,००० रुपये (वर्षाला ७२,०००)
- विशेष भत्ता : दरमहा ५,००० रुपये (वर्षाला ६०,०००)
- एकूण मासिक वेतन : २६,००० रुपये (वर्षाला ३,१२,०००)
- भविष्य निर्वाह निधीत कंपनीचा हिस्सा : दरमहा १,८०० रुपये (वर्षाला २१,६००)
- ग्रॅच्युइटीसाठी तरतूद : वर्षाला ८,६५४ रुपये
- गट आरोग्य विम्याचा हप्ता : वर्षाला ५,७४६ रुपये
- कामगिरीवर अवलंबून असलेले वेतन : वर्षाला जास्तीत जास्त ४२,००० रुपये
- सेवेत टिकून राहण्याचा बोनस : ३०,००० रुपये, एकदाच, सलग १२ महिन्यांची सेवा पूर्ण झाल्यावर
- कंपनीचा एकूण वार्षिक खर्च : ४,२०,००० रुपये

वडिलांसमोर कागदावर बेरीज मांडली. पहिल्या तीन ओळी दर महिन्याला मिळतात, त्यांचे २६ हजार. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफचा हिस्सा १,८०० रुपये कापला जातो. मूळ वेतन १५ हजार आहे आणि त्याचे १२ टक्के तेवढेच होतात. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये जातो. फेब्रुवारीत तो ३०० असतो, वर्षाचे २,५०० होतात. राहिले २४ हजार. बँकेत आलेला आकडा पै-पैसा बरोबर होता.

मग उरलेले ११ हजार कुठे गेले? महिन्याचा हिशेब केला तर कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२१, विम्याचे ४७९, कामगिरीचे ३,५०० आणि बोनसचे २,५०० मिळून ९ हजार होतात. त्यात मुलाच्या पगारातून कापलेले २ हजार मिळवले की ११ हजार पूर्ण होतात. प्रत्येक रुपयाचा पत्ता लागतो, पण प्रत्येकाची वेळ आणि अट वेगळी आहे.

पीएफचे दोन्ही हिस्से मुलाच्याच नावावर जमा होतात. कंपनीच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. हा पैसा त्याचा आहे, फक्त आज घरखर्चाला उपलब्ध नाही. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, असा तिचा हिशेब असतो. १५,००० गुणिले १५ भागिले २६ केले की ८,६५४ येतात. पण नियमित नोकरीत ती मिळायला साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलाच्या हाती ती येणार नाही. विम्याचा हप्ता थेट विमा कंपनीकडे जातो. त्याचा उपयोग दवाखान्याचा प्रसंग आला तर आहे, म्हणून त्यात आई-वडील धरले आहेत का, हे पत्रात पाहावे.

सर्वांत जास्त गैरसमज एकूण खर्चाच्या वरच्या दोन ओळींत होतो. ४२ हजारांची रक्कम कमाल आहे. पत्रात पुढे लिहिले होते, की ती कंपनीच्या निकालांवर आणि कर्मचाऱ्याच्या मूल्यांकनावर ठरेल, सेवेच्या महिन्यांच्या प्रमाणात मिळेल, आणि ३१ मार्चला जो नोकरीत आहे व ज्याने राजीनामा दिलेला नाही त्यालाच एप्रिलच्या पगारासोबत दिली जाईल. ३० हजारांचा बोनस तर पहिल्याच वर्षाचा आहे. म्हणजे पगारवाढ झाली नाही, तर दुसऱ्या वर्षी सीटीसी ३ लाख ९० हजारांवर येतो. चार ओळींच्या सारांशात ‘शिवाय ३० हजार बोनस’ असे होते. ते ‘शिवाय’ चुकीचे होते, कारण ती रक्कम ४ लाख २० हजारांत आधीच मोजलेली होती.

म्हणून परिशिष्टाचे मराठी करताना प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ही रक्कम कधी मिळते, कोणाच्या हाती जाते, आणि कोणती अट पुरी झाल्यावर मिळते. हप्ता, भाडे, भिशी यांचा विचार करताना फक्त दरमहा नक्की मिळणारे पैसे धरावेत. या घरात तो आकडा २४ हजार होता.

आकडे बदलले तर काही नियमही बदलतात. एकूण वेतन २१ हजारांच्या आत असेल आणि कंपनी कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल, तर कर्मचाऱ्याचे पाऊण टक्का कापले जाते आणि त्याला त्या योजनेचे उपचार मिळतात; डिप्लोमा करून लागलेल्या मुलांनी हे पाहावे. महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५ हजारांपर्यंतच्या वेतनावर व्यवसाय कर नाही. त्यामुळे २४ हजारांच्या वेतनावर लागलेल्या मुलीच्या पगारातून २०० रुपये कापले जात असतील तर तिने विचारणा करावी.

सहा महिने संपले म्हणजे कायम झालो का

सारांशात लिहिले होते, सहा महिने प्रोबेशन, मग कायम. पत्रातले कलम तीन वाक्यांचे होते. त्याचे मराठी असे केले :

“रुजू झाल्याच्या तारखेपासून सहा महिने आपण परिवीक्षेवर राहाल. कंपनीला योग्य वाटल्यास ती हा कालावधी आणखी जास्तीत जास्त सहा महिन्यांनी वाढवू शकेल. आपल्याला सेवेत कायम केल्याचे लेखी पत्र मिळेपर्यंत आपण परिवीक्षेवरच आहात असे मानले जाईल.”

सारांश करणाऱ्याने पहिले वाक्य घेतले आणि पुढची दोन सोडली. खरा अर्थ तिसऱ्या वाक्यात आहे. मुलगा १ ऑगस्टला लागला, सहा महिने ३१ जानेवारीला पूर्ण झाले. पण १ फेब्रुवारीला तो आपोआप कायम झाला नाही, कारण पत्राने कायम होण्याचा संबंध तारखेशी ठेवलेला नाही. लेखी पत्राशी ठेवला आहे. काही कंपन्यांच्या पत्रात याच्या उलट असते : ठरलेल्या मुदतीत कळवले नाही तर आपण कायम झालात असे समजावे. दोन्ही तऱ्हेची पत्रे मी पाहिली आहेत. दोन्हींचा सारांश ‘सहा महिने प्रोबेशन’ असाच होतो आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे.

या कलमात आणखी दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, परिवीक्षा वाढवायची कमाल मर्यादा लिहिली आहे का. या पत्रात ती सहा महिने होती. मर्यादा नसेल तर भाषांतरात ‘कमाल मर्यादा दिलेली नाही’ अशी टीप खाली द्यावी आणि कंपनीला ईमेलने विचारावे. दुसरी, प्रशिक्षण आणि परिवीक्षा एकच आहेत की एकामागून एक. ‘बारा महिने प्रशिक्षण, त्यानंतर सहा महिने परिवीक्षा’ असे असेल तर कायम व्हायला किमान दीड वर्ष लागणार.

प्रशिक्षणाच्या अटी किती कडक असू शकतात, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना कामावरून कमी केले. अंतर्गत परीक्षा तीन संधींत उत्तीर्ण होणे आवश्यक होते आणि ही अट करारात होती, असे कंपनीने सांगितले. कामगार संघटनेने त्याला हरकत घेतली, सरकारकडे तक्रारी गेल्या. त्या वादात न पडताही एवढे कळते, की परीक्षेची अट पत्रात असेल तर संधी किती, उत्तीर्ण व्हायला गुण किती आणि नापास झाल्यास काय, हे तीनही मराठीत जसेच्या तसे उतरले पाहिजे.

पत्रावर शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ असा उल्लेख असेल तर तिथे थांबून नीट पाहावे. त्या कायद्याखाली मिळते ती नेमणूक शिकाऊ उमेदवाराची असते. पैसे विद्यावेतन म्हणून मिळतात, आणि करारात वेगळे काही लिहिले नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी द्यायला कंपनी बांधील नसते. कॅम्पसमधून निवड झाली, कंपनी मोठी आहे, म्हणून घरात पेढे वाटले जातात आणि वर्षाने मुलगा घरी येतो. त्यात मुलाचा दोष नसतो. पत्रात ‘कर्मचारी’ लिहिले आहे की ‘शिकाऊ उमेदवार’, हे घरच्यांना आधी कळले असते तर त्यांनी त्या वर्षाकडे तसे पाहिले असते.

नोटीस : किती दिवस, कोणासाठी, कोणत्या वेतनावर

मार्चमध्ये त्या मुलाला दुसऱ्या ठिकाणी जास्त पगाराची नोकरी मिळाली. १५ एप्रिलला रुजू व्हायचे होते. १० मार्चला त्याने ईमेलने राजीनामा दिला. कंपनीच्या एचआरचे उत्तर आले : तुमचे सहा महिने पूर्ण झाले आहेत, तुम्ही कायम आहात, म्हणून नोटीस ९० दिवसांची, शेवटचा दिवस ८ जून. आधी जायचे तर कमी पडणाऱ्या ६० दिवसांचे एकूण वेतन भरा, म्हणजे ५२ हजार रुपये. घरात एक महिन्याची नोटीस माहीत होती. वडील पुन्हा माझ्याकडे आले, या वेळी मुलगाही सोबत होता.

नोटिशीच्या कलमाचे मराठी आम्ही आधीच केलेले होते :

“परिवीक्षेच्या काळात कंपनीला १५ दिवसांची लेखी पूर्वसूचना देऊन, किंवा आपल्याला ३० दिवसांची लेखी पूर्वसूचना देऊन, सेवा संपवता येईल. कायम झाल्यानंतर दोन्ही बाजूंना ९० दिवसांची लेखी पूर्वसूचना द्यावी लागेल. पूर्वसूचनेच्या कमी पडणाऱ्या दिवसांबद्दल एकूण वेतन स्वीकारायचे की नाही, हे कंपनी ठरवेल.”

मी मुलाला विचारले, “बाळा, कायम केल्याचं पत्र आलंय का तुला?” तो म्हणाला, “नाही काका. मी दोनदा विचारलं, तर येईल म्हणाले.” मग परिवीक्षेचे कलम आणि नोटिशीचे कलम शेजारी ठेवून वाचले. लेखी पत्र मिळेपर्यंत परिवीक्षाच चालू आहे असे कंपनीनेच लिहिले आहे. परिवीक्षेत मुलाने द्यायची नोटीस ३० दिवसांची. १० मार्चच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले तर ३० वा दिवस ९ एप्रिलला येतो. १५ एप्रिलला तो नव्या ठिकाणी आरामात रुजू होऊ शकत होता.

मुलाने एचआरला छोटा ईमेल लिहिला. त्यात भांडण नव्हते. दोन्ही कलमांचे क्रमांक, त्यातली इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी, कायम केल्याचे पत्र मिळाले नसल्याचे एक वाक्य, आणि शेवटचा दिवस ९ एप्रिल धरण्याची विनंती. कंपनीने ते मान्य केले आणि ५२ हजारांची मागणी मागे घेतली.

एक नुकसान मात्र टळले नाही. ३१ मार्चला तो नोटिशीवर होता, त्यामुळे कामगिरीच्या वेतनातला त्याचा आठ महिन्यांचा वाटा, जास्तीत जास्त २८ हजार रुपये, गेला. वर्ष पूर्ण झाले नव्हते म्हणून ३० हजारांचा बोनसही गेला. बोनस वाचवणे शक्य नव्हते. पण नव्या कंपनीकडून अडीच आठवड्यांची मुदत मागून राजीनामा १ एप्रिलला दिला असता, तर कामगिरीचे वेतन मिळण्याचा मार्ग मोकळा राहिला असता. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी परिशिष्टातल्या अटी पुन्हा वाचायच्या असतात, हे त्या घराला तेव्हा कळले.

नोटिशीचे कलम मराठीत आणताना काही गोष्टी हमखास निसटतात. कंपनीसाठी दिवस वेगळे आणि कर्मचाऱ्यासाठी वेगळे असतील तर दोन्ही आकडे लिहावेत. वर १५ आणि ३० होते. दिवसांना महिने करू नये आणि महिन्यांना दिवस करू नये, कारण ९० दिवस आणि तीन महिने यांचा शेवटचा दिवस वेगळा येतो. पैसे भरून सुटायचे असेल तर ते मूळ वेतनावर की एकूण वेतनावर, हे पाहावे. या पत्रात ६० दिवसांचे एकूण वेतन ५२ हजार होत होते. मूळ वेतन लिहिलेले असते तर ३० हजार झाले असते. आणि पैसे भरून लवकर सुटणे हा तुमचा हक्क आहे की कंपनीची मर्जी, हेही कलमातच असते. ‘कंपनी ठरवेल’ असे असताना भाषांतरात ‘पैसे भरून जाता येईल’ असे लिहिणे म्हणजे मुलाला खोटा भरवसा देणे आहे.

बाँड असेल तर तो नोटिशीहून वेगळा. नोटीस पूर्ण दिली तरी बाँडची रक्कम मागितली जाऊ शकते. तो बहुधा वेगळ्या कागदावर असतो आणि रुजू होण्याच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात समोर येतो. बाँड कोर्टात टिकत नाही, असे कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास सांगितले जाते. त्यावर विसंबू नये. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याचे होते. प्रत्येक खासगी कंपनीने लिहिलेली प्रत्येक रक्कम तशीच वसूल होईल असा त्याचा अर्थ नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. पण सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि मुदतीबरोबर रक्कम कमी होते का, हे मराठीत समोर असले पाहिजे. मूळ मार्कमेमो आणि प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवून देऊ नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत आणि परत घ्यावीत.

भाषांतर कसे करावे, कसे तपासावे

सही इंग्रजी पत्रावर होते. वाद झाला तर इंग्रजीच धरले जाते. मराठी प्रत समजण्यासाठी आहे, हे तिच्या पहिल्याच ओळीत लिहावे. कलमांचे क्रमांक मूळ पत्रातलेच ठेवावेत, म्हणजे ईमेलमध्ये नेमके बोट ठेवता येते. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्हीकडे लिहावी. मूळ पत्रात तारीख रिकामी असेल, ‘रुजू होण्याची तारीख नंतर कळवली जाईल’ असे असेल, तर मराठीतही ते तसेच राहू द्यावे. अंदाजाने ‘जुलैमध्ये’ असे कुणी भरले, की घरचे जुलैपासून हप्त्याची तयारी करतात.

नावांतही बदल करू नये. आपल्या जिल्ह्याचे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले, पण मुलांच्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद आहे आणि अनेक कंपन्यांच्या पत्रांतही तेच येते. पत्रात जे असेल तेच मराठीत ठेवावे. बहुतेक ऑफर कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि आधारवर दुसरे, असे असेल तर दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची असल्याचे कंपनीला आधीच लेखी कळवावे.

पत्र काय म्हणते आणि कायदा काय म्हणतो, हे एकाच वाक्यात मिसळू नये. एका पत्रात ‘अंतिम हिशेब ४५ दिवसांत’ असे होते. मराठीत ४५ दिवसच लिहिले. खाली वेगळी टीप दिली, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे आहे. भाषांतरात ४५ चे दोन करणे हे पत्र बदलणे झाले. टीप दिली की मुलाला दोन्ही गोष्टी कळतात आणि काय मागायचे ते तो ठरवू शकतो.

‘कंपनीच्या धोरणानुसार’ हे शब्द जिथे येतील तिथे खूण करावी. रजा, कामगिरीचे वेतन, बदली यांची धोरणे बहुधा पत्रासोबत नसतात. ती मागवावीत. मिळाली नाहीत तर टिपेत ‘हे धोरण पाहायला मिळालेले नाही’ असे लिहावे, म्हणजे घरच्यांना कळते की पत्राचा तेवढा भाग अजून वाचायचा राहिला आहे.

भाषांतर पूर्ण झाल्यावर दोघांनी बसावे. एकाने इंग्रजी पत्रातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तारीख मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मराठी प्रतीत त्यावर खूण करावी. परिशिष्टाची बेरीज स्वतः करावी आणि ती सीटीसीशी जुळते का पाहावी. मग परिवीक्षा आणि नोटीस ही दोन कलमे एकत्र वाचून एक तारीख काढावी : मी आज राजीनामा दिला तर माझा शेवटचा दिवस कोणता? भाषांतर वाचून ही तारीख काढता येत नसेल, तर ते भाषांतर अपुरे आहे.

हे सगळे ऑफर स्वीकारण्याआधी करायचे आहे. स्वीकारायला मिळणारे दिवस थोडे असतात, म्हणून पत्र आल्याच्या संध्याकाळीच बसावे. आमच्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांना माझी विनंती आहे, की निवड झालेल्या मुलांच्या यादीबरोबर त्या कंपनीच्या पत्राची मराठी प्रतही पालकांच्या हाती द्या. सत्काराच्या कार्यक्रमात फलकावर सीटीसीचा आकडा लावता, त्याच्या शेजारी दरमहा हाती येणारी रक्कम आणि नोटिशीचे दिवस लावा. आणि पालकांनो, पत्र आले की मुलाला आधी तीन प्रश्न विचारा : दर महिन्याला बँकेत किती येणार, कायम कधी आणि कोणत्या पत्राने होणार, आणि सोडायचे झाले तर किती दिवस द्यावे लागणार. तीनही उत्तरे पत्रातल्या कलमावर बोट ठेवून मिळाल्याशिवाय कर्जाचा हप्ता ठरवू नका.